चक्रवाढव्याज आणि सरळव्याज यांतला दोन व तीन वर्षांचा फरक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सदाशिव पेठेत आणि शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या अभ्यासिकांमध्ये बँक, स्टाफ सिलेक्शन, तलाठी, पोलीस भरती अशा सगळ्या परीक्षांची तयारी करणारी मुलं बसतात. अंकगणितात त्या सगळ्यांना एक प्रश्न हमखास भेटतो: अमुक रकमेवर दोन किंवा तीन वर्षांच्या चक्रवाढव्याजात आणि सरळव्याजात इतका फरक आहे, तर मुद्दल किती, किंवा दर किती. सूत्रं बहुतेकांना पाठ असतात. पण ती आली कुठून हे ठाऊक नसलं की प्रश्न जरा वळला तरी हात थांबतो. म्हणून इथे भर सूत्रांच्या उगमावर दिला आहे. उगम कळला की पाठ करण्यासारखं फारच थोडं उरतं.

हा फरक नेमका कशाचा असतो?

व्याजावर मिळालेल्या व्याजाचा. दुसऱ्या कशाचाही नाही.

सरळव्याजात दरवर्षी फक्त मूळ मुद्दलावर आकारणी होते, त्यामुळे प्रत्येक वर्षाचं व्याज सारखंच येतं. चक्रवाढीतही मुद्दलावरचं ते व्याज दरवर्षी तेवढंच मिळतं. फक्त मागच्या वर्षाचं व्याज काढून न घेता रकमेत मिळवलं जातं, आणि पुढच्या वर्षी त्या व्याजालाही व्याज लागतं. दोन्हींची वजाबाकी केली की मुद्दलावरचं व्याज दोन्हीकडून कटतं आणि व्याजावरचं व्याज तेवढं शिल्लक राहतं.

यातून एक गोष्ट लगेच निघते. पहिल्या वर्षी फरक शून्य असतो, कारण व्याज लागायला अजून व्याज जमलेलंच नसतं. हे एकच वाक्य डोक्यात ठेवून पुढचं सगळं वाचावं.

दोन वर्षांचं सूत्र कुठून आलं?

एक उदाहरण घेऊ आणि तेच पुढेही वापरू. मुद्दल २५,००० रुपये, दर द.सा.द.शे. ८, आकारणी वर्षातून एकदा.

पहिल्या वर्षाचं व्याज २,००० रुपये. दुसऱ्या वर्षी मुद्दलावर पुन्हा २,००० आणि पहिल्या वर्षाच्या २,००० रुपयांवर ८ टक्क्यांनी १६० रुपये. सरळव्याज होतं ४,०००, चक्रवाढव्याज ४,१६०. फरक १६० रुपये.

हे १६० आले कसे? २५,००० चे ८ टक्के काढले, आणि जे आलं त्याचे पुन्हा ८ टक्के काढले. म्हणजे मुद्दलाला दराने दोनदा गुणलं आणि शंभराने दोनदा भागलं:

दोन वर्षांचा फरक = मुद्दल × दर × दर ÷ १०,०००

सूत्रातला वर्ग इथून येतो. बीजगणिताच्या वाटेनेही तिथेच पोहोचता येतं. दर भागिले शंभर याला ‘क्ष’ म्हणा. आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकातल्या सूत्राने दोन वर्षांची रास म्हणजे मुद्दल × (१ + क्ष)². कंस सोडवला की १ + २क्ष + क्ष² मिळतं. त्यातला १ हे मुद्दल, २क्ष हे दोन वर्षांचं सरळव्याज, आणि उरलेला क्ष² हा आपला फरक. पहिली वाट कळली असेल तर दुसरी पडताळ्यापुरती पुरे.

तीन वर्षांचं सूत्र इतकं अवघड का दिसतं?

पुस्तकात ते असं छापलेलं असतं:

तीन वर्षांचा फरक = मुद्दल × दर² × (३०० + दर) ÷ १०,००,०००

यातले ३०० कुठून टपकले हे बहुतेक ठिकाणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते विचित्र वाटतं आणि परीक्षेत नेमकं विसरलं जातं. आपल्याच उदाहरणात तिसरं वर्ष लिहून बघू.

पहिलं वर्ष: २,०००
दुसरं वर्ष: २,००० + १६०
तिसरं वर्ष: २,००० + १६० + १६० + १२.८०

तिसऱ्या ओळीकडे नीट बघा, सगळी मेख तिथेच आहे. २,००० हे मुद्दलावरचं व्याज, ते ठरलेलंच. पहिले १६० म्हणजे पहिल्या वर्षाच्या २,००० वर तिसऱ्या वर्षी लागलेलं व्याज. दुसरे १६० म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या २,००० वर लागलेलं व्याज. आणि दुसऱ्या वर्षी जे १६० मिळाले होते ते व्याजावरचं व्याज होतं, पण आता तेही रकमेत बसलेलं आहे, त्यामुळे त्यालाही ८ टक्के लागतात. ते झाले १२ रुपये ८० पैसे.

आता २,००० चे तिन्ही आकडे खोडून टाका, ते सरळव्याज आहे. उरले तीन वेळा १६० आणि एकदा १२.८०. बेरीज ४९२.८०. तीन वर्षांचा फरक हाच.

शब्दांत सांगायचं तर तीन वर्षांचा फरक म्हणजे दोन वर्षांच्या फरकाची तिप्पट, अधिक त्या दोन वर्षांच्या फरकावर एका वर्षाचं व्याज. गणितात मांडलं तर:

तीन वर्षांचा फरक = दोन वर्षांचा फरक × (३ + दर ÷ १००)

या कंसातल्या दोन्ही पदांचा छेद १०० केला की (३०० + दर) ÷ १०० होतं. पुस्तकातले ३०० म्हणजे हे ‘तीन’च आहेत. पडताळा बघा: १६० × ३.०८ = ४९२.८०.

मी मुलांना हे दुसरं रूपच वापरायला सांगते. लाखांच्या आकड्यांनी भागाकार करावा लागत नाही आणि दोन वर्षांचा फरक वाटेत आपोआप हाती येतो. बऱ्याच प्रश्नांना तोही लागतोच.

बीजगणिताने बघायचं असेल तर (१ + क्ष)³ = १ + ३क्ष + ३क्ष² + क्ष³. मुद्दलाचा १ आणि सरळव्याजाचे ३क्ष काढून टाकले की ३क्ष² + क्ष³ उरतात. वर तीन वेळा आलेले १६० म्हणजे ३क्ष², आणि एकटे १२.८० म्हणजे क्ष³.

१६० बरोबर तीनच वेळा का येतात?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि उत्तर फार उपयोगी आहे. प्रत्येक १६० च्या मागे वर्षांची एक जोडी आहे: एका वर्षी व्याज जन्मलं आणि नंतरच्या एका वर्षी त्यावर व्याज लागलं. तीन वर्षांतून अशा जोड्या तीनच होतात. पहिलं आणि दुसरं, पहिलं आणि तिसरं, दुसरं आणि तिसरं. १२.८० साठी तिन्ही वर्षं एकापाठोपाठ लागतात, म्हणून ते एकदाच येतं.

जोड्या मोजायची ही सवय लागली की वेगवेगळे दर, सहामाही आकारणी, चार वर्षं असे प्रश्न वेगळ्या सूत्रांशिवाय सुटतात.

दोन वर्षांच्या फरकाची दीडपट केली तर तीन वर्षांचा फरक येत नाही का?

नाही, आणि ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. सरळव्याज वर्षांच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे दोनाचं तीन करताना दीडपट करायची सवय हाताला लागलेली असते. फरक तसा वाढत नाही. एका वर्षाला जोडी नाहीच, दोन वर्षांत एक जोडी, तीन वर्षांत तीन. म्हणून फरक तिपटीहून थोडा जास्त होतो.

त्या ‘थोडा जास्त’वरून उत्तर पारखताही येतं. दर ५ असेल तर तीन वर्षांचा फरक दोन वर्षांच्या फरकाच्या ३.०५ पट, १० असेल तर ३.१ पट, २० असेल तर ३.२ पट. तुमच्या कच्च्या कामात हे गुणोत्तर तीनच्या खाली दिसलं तर कुठेतरी चुकलं आहे हे नक्की. बरोबर तीन आलं तर शेवटचा १२.८० सारखा तुकडा राहून गेला आहे. पर्यायांमध्ये हा तुकडा गाळलेलं उत्तर बऱ्याचदा मुद्दाम ठेवलेलं असतं.

दोन्ही फरक दिले आहेत, मुद्दल आणि दर काहीच दिलेलं नाही. मग?

मग वरचं गुणोत्तर उलटं वापरायचं. समजा दोन वर्षांचा फरक ९० रुपये आणि तीन वर्षांचा २७४.५० रुपये आहे. २७४.५० ला ९० ने भागलं की ३.०५ येतं. तीन वजा केले की ०.०५, म्हणजे दर ५. आता ९० हे मुद्दलाच्या ५ टक्क्यांचे ५ टक्के आहेत. ९० हे १,८०० चे ५ टक्के, आणि १,८०० हे ३६,००० चे ५ टक्के. मुद्दल ३६,०००.

दोन वर्षांचं सरळव्याज आणि चक्रवाढव्याज दिलं आहे. दर कसा काढायचा?

सरळव्याज १,२०० आणि चक्रवाढव्याज १,२४८ असं समजा. फरक ४८. हे ४८ कशावरचं व्याज आहे, एवढंच स्वतःला विचारा. ते पहिल्या वर्षाच्या व्याजावरचं एका वर्षाचं व्याज आहे. पहिल्या वर्षाचं व्याज १,२०० चं निम्मं, म्हणजे ६००. ६०० वर ४८, म्हणजे दर ८. आणि ज्या रकमेचे ८ टक्के ६०० होतात ती रक्कम ७,५००. संपलं.

इथे चूक होते ती ४८ ला १,२०० ने भागण्याची. त्याने दर ४ येतो, आणि पर्यायांत ४ टक्के बहुधा असतातच. दुसऱ्या वर्षाचं व्याज तर वर्ष संपताना हातात येतं, त्यावर व्याज लागायला वेळच मिळत नाही. म्हणून भागायचं ते एका वर्षाच्या व्याजाने.

तीन वर्षांची दोन्ही व्याजं दिली असतील तर?

इथे थेट भागाकाराने काम होत नाही, कारण फरकात दोन प्रकारचे तुकडे मिसळलेले आहेत. नेमकं काढायला वर्गसमीकरण लागतं. परीक्षेत मात्र त्याची गरज पडत नाही, अंदाज पुरतो.

सरळव्याज ६,००० आणि चक्रवाढव्याज ६,४९२.८० आहे. फरक ४९२.८० ला सरळव्याजाने भागा आणि शंभराने गुणा: साधारण ८.२१. खरा दर याहून थोडा कमीच असतो, कारण तो छोटा १२.८० चा तुकडा अंशात मिसळून आकडा किंचित फुगवतो. पर्यायांत ७, ७.५, ८ आणि ८.५ असतील तर ८.५ लगेच बाद, आणि सगळ्यात जवळचा खालचा ८. खात्री करायला २,००० वर ८ टक्के म्हणजे १६०, आणि १६० × ३.०८. जुळलं.

दर मोठा असला की फुगवटाही वाढतो. दर २० असेल तर हाच भागाकार २१.३३ दाखवतो. म्हणून मोठ्या दराला पडताळा टाळू नये.

‘फरक ६१ आहे’ म्हटल्याबरोबर काही जण ‘मुद्दल ८,०००’ म्हणतात. हे कसं?

दराचा साधा अपूर्णांक केला की हे होतं. ५ टक्के म्हणजे विसावा भाग. मुद्दल २० × २० × २०, म्हणजे ८,००० घ्या. एका वर्षाचं व्याज ४००, त्याचा विसावा भाग २०, त्याचाही विसावा भाग १. तीन जोड्यांचे तीन विसा साठ आणि वरचा एक, झाले ६१. म्हणून दर ५ असताना ८,००० मागे तीन वर्षांचा फरक ६१ रुपये असतो. प्रश्नात फरक १२२ दिला तर मुद्दल १६,०००, आणि ३०.५० दिला तर ४,०००.

दर १० असेल तर याच पद्धतीने १,००० मागे ३१ रुपये. साडेबारा टक्के म्हणजे आठवा भाग, तिथे ५१२ मागे २५ रुपये. २० टक्के म्हणजे पाचवा भाग, १२५ मागे १६ रुपये. या आकड्यांचा तक्ता पाठ करायला मी सुचवत नाही. दर कितवा भाग आहे ते ओळखा, त्या संख्येची तिप्पट करून एक मिळवा आणि तिच्या घनाने भागा. आठ असेल तर चोवीस आणि एक, पंचवीस. पाच असेल तर पंधरा आणि एक, सोळा. तक्ता तिथल्या तिथे तयार होतो.

सात किंवा नऊ टक्के अशा दरांना ही पद्धत नीट लागत नाही. तिथे दशांशात काम करावं.

दरवर्षी दर वेगळा असेल तर सूत्र लागू होतं का?

छापलेलं सूत्र होत नाही, जोड्यांची पद्धत होते. मुद्दल २०,०००, पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी ८, तिसऱ्या वर्षी १०. तीन जोड्या लिहा. पाच आणि आठ: २०,००० चे ५ टक्के १,०००, त्याचे ८ टक्के ८०. पाच आणि दहा: १,००० चे १० टक्के १००. आठ आणि दहा: १,६०० चे १० टक्के १६०. आता तिन्ही एकत्र: ८० चे १० टक्के ८. एकूण ३४८ रुपये.

दरांचा क्रम बदलून पाहा, फरक तोच येतो, कारण जोड्या त्याच राहतात. इथे सरासरी दर काढून तो सूत्रात घालू नका. उत्तर जवळ येतं, बरोबर येत नाही.

सहामाही आकारणीला काय करायचं?

‘वर्ष’ हा शब्द सोडून ‘मुदतीचा टप्पा’ असा विचार करायचा. सहामाही आकारणी असेल तर टप्पा सहा महिन्यांचा आणि दर निम्मा.

मुद्दल १६,०००, दर १०, मुदत दीड वर्ष, सहामाही आकारणी. टप्पे तीन, प्रत्येक टप्प्याचा दर ५. म्हणजे ही दीड वर्षाची वाटत असली तरी तीन वर्षांच्या सूत्राची केस आहे. वरचेच ८,००० मागे ६१, म्हणून १६,००० मागे १२२ रुपये.

हाच प्रश्न ‘वार्षिक आकारणी, मुदत दीड वर्ष’ असा आला तर उत्तर बदलतं. आता टप्पे दोन: पहिला पूर्ण वर्षाचा १० टक्क्यांचा, दुसरा अर्ध्या वर्षाचा ५ टक्क्यांचा. जोडी एकच. १६,००० चे १० टक्के १,६००, त्याचे ५ टक्के ८०. फरक ८० रुपये. रक्कम, दर, मुदत सगळं तेच, आणि आकारणीचा एक शब्द बदलल्यावर १२२ चे ८० झाले. प्रश्न वाचताना या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारावी.

एका वर्षासाठी सहामाही आणि वार्षिक आकारणीतला फरक विचारला तर तोही दोन टप्प्यांचाच प्रश्न असतो. वार्षिक आकारणीत एका वर्षाचं चक्रवाढव्याज सरळव्याजाएवढंच असतं ना, म्हणून.

‘तिसऱ्या वर्षाचा फरक’ आणि ‘तीन वर्षांचा फरक’ एकच का?

नाही. आपल्या २५,००० च्या उदाहरणात तीन वर्षांचा एकूण फरक ४९२.८०, पण फक्त तिसऱ्या वर्षात पडलेला फरक १६० + १६० + १२.८०, म्हणजे ३३२.८०. उरलेले १६० दुसऱ्या वर्षीच पडले होते.

‘दुसऱ्या वर्षाचं चक्रवाढव्याज २,१६० आणि तिसऱ्या वर्षाचं २,३३२.८०, तर दर काढा’ हा तर वेगळाच आणि सोपा प्रश्न आहे. तिसऱ्या वर्षाचं व्याज म्हणजे दुसऱ्या वर्षाचं व्याज अधिक त्यावरचं एका वर्षाचं व्याज. दोन्हींची वजाबाकी १७२.८०, तिला २,१६० ने भागलं की ८ टक्के. इथे फरकाचं कोणतंही सूत्र लावायला जाऊ नये.

सूत्र बरोबर आठवतंय का, हे परीक्षेत कसं तपासायचं?

छोटी रक्कम घेऊन हाताने करून बघावं, पण त्यासाठी दर १० घेऊ नये. दहाचा वर्ग भागिले दहा हजार म्हणजेही शंभरावा भाग, आणि नुसते दहा भागिले हजार म्हणजेही शंभरावा भाग. वर्ग विसरून चुकीचं सूत्र लिहिलं तरी दहाला ते बरोबर उत्तर देऊन जाऊ शकतं. २० घ्या. १०० रुपयांवर २०, मग ४, मग ०.८०. दोन वर्षांचा फरक ४, तीन वर्षांचा १२.८०. अर्ध्या मिनिटात होतं आणि चूक लपत नाही.

चार वर्षांसाठी?

चार वर्षांतून जोड्या सहा, तिघांचे गट चार, चौघांचा एक. २५,००० आणि ८ टक्क्यांना १६० सहा वेळा, १२.८० चार वेळा, आणि १२.८० चे ८ टक्के, म्हणजे १.०२४ एकदा. एकूण १,०१२.२२ च्या आसपास.

कर्जाच्या हप्त्यांना ही सूत्रं चालतील का?

नाही. हप्त्यात दर महिन्याला मुद्दल थोडं थोडं फिटत जातं. ही सूत्रं मुद्दल शेवटपर्यंत जसंच्या तसं राहतं असं धरून बनलेली आहेत. मधेच रक्कम काढली किंवा भरली तरीही ती लागू होत नाहीत.

माझ्या मुदत ठेवीच्या पावतीवरचा आकडा सूत्राशी जुळत नाही. बँकेचं चुकलं का?

बहुधा नाही. पालक हा प्रश्न फार विचारतात, म्हणून सविस्तर सांगते. आपल्याकडच्या बँका संचयी मुदत ठेवीवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ करतात. शाळेतलं दोन वर्षांचं सूत्र वर्षाला एकदा आकारणी धरतं. त्यामुळे आकडा जुळणारच नाही.

एक लाख रुपये, दर ८, मुदत दोन वर्षं घेऊ. सरळव्याज १६,०००. वार्षिक आकारणीत फरक ६४०, म्हणून ‘१,१६,६४० मिळायला हवेत’ असं घरी काढलं जातं. पावतीवर मात्र १,१७,१६६ च्या आसपास दिसतं. कारण टप्पे दोन नाहीत, आठ आहेत, आणि प्रत्येक टप्प्याचा दर २. आठ टप्प्यांतून जोड्या होतात २८. एका जोडीचे एक लाखाच्या २ टक्क्यांचे २ टक्के, म्हणजे ४० रुपये. अठ्ठावीस चाळिसा १,१२०. तिघांचे गट ५६, प्रत्येकी ८० पैसे, म्हणजे ४४.८०. त्यापुढच्या गटांची बेरीज सव्वा रुपयाच्या आतच. सगळं मिळून फरक १,१६५.९४ आणि रास १,१७,१६५.९४.

इथेही फरक व्याजावरच्या व्याजाचाच आहे. फक्त व्याज लवकर लवकर जमा झाल्याने जोड्या एकाच्या अठ्ठावीस झाल्या. प्रत्येक जोडी लहान झाली, पण संख्या त्याहून जास्त वाढली.

पावती हातात घ्याल तेव्हा आधी ठेव संचयी आहे की व्याज दरमहा किंवा दर तिमाहीला बचत खात्यात जमा होणारी, ते बघा. व्याज खात्यात जमा होत असेल तर ठेवीत चक्रवाढ होतच नाही, मुदतीअखेर मुद्दल तेवढंच परत मिळतं. मग आकारणी तिमाही, सहामाही की वार्षिक ते बघा. पतसंस्थेत ठेव असेल तर हे विचारून घ्यावं, कारण पद्धत संस्थेगणिक बदलू शकते. आणि मुदतीअखेर हातात आलेली रक्कम पावतीवरच्या आकड्याहून कमी असेल तर उगमकर कापला गेला आहे का ते पाहा. संचयी ठेवीत कापलेल्या कराइतकं व्याज रकमेत कमी जमतं, आणि त्यावरचं पुढचं व्याजही तेवढं कमी होतं. त्यामुळे नुसता कराचा आकडा परत मिळवून पाहिला तरी रक्कम थोड्या रुपयांनी कमीच भरते.